नवाचा ताळा आणि मीज़ान

दौंडहून नगरकडे जाताना काष्टी लागते. शनिवारी इथला जनावरांचा बाजार भरतो. बैल, गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या गर्दीतून वाट काढणे अवघड होते. बाजारात सौदा होतो तो तोंडी, आणि बऱ्याचदा रुमालाखाली बोटे दाबून. हिशेब मात्र रात्री घरी होतो, दिव्याखाली, वहीत. आमच्या मोहल्ल्यात शेळ्यांचा व्यापार करणारे एक चाचा आहेत. त्यांचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो म्हणून ते अधूनमधून वही घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, जरा मीज़ान देख लो."

हा शब्द आम्हांला नेहमी मोहवतो. मीज़ान म्हणजे तराजू. उर्दू हिशेबात मीज़ान म्हणजे बेरीज, एकूण. आणि अरबी अंकगणिताच्या जुन्या किताबांत मीज़ान म्हणजे उत्तर बरोबर आले की नाही ते पाहण्याची नवाची कसोटी. मराठी शाळेतल्या मास्तरांनी तिलाच 'नवाचा ताळा' म्हटले. तराजू, बेरीज आणि पडताळणी या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात आल्यामुळे एक गैरसमज मात्र घट्ट बसला: काटा समतोल झाला म्हणजे माल बरोबर. या गैरसमजाचा फटका आम्हांलाच एकदा बसला. ती हकीकत आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

त्या शनिवारी चाचांनी पाच शेळ्या विकल्या होत्या. वहीत आकडे होते ६३५०, ८२००, ४७५०, ७४०० आणि ५९००. खाली बेरीज लिहिली होती ३६२००. आम्हांला मगरिबनंतर शिकवणीला जायचे होते, म्हणून पुन्हा बेरीज करण्याऐवजी आम्ही नवाचा ताळा केला. पद्धत सोपी आहे. प्रत्येक आकड्यातील अंकांची बेरीज करायची, आणि ती एक अंकी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची. नऊ आले तर शून्य धरायचे. ६३५० चे अंक मिळवले तर १४, म्हणजे ५. ८२०० चे १०, म्हणजे १. ४७५० चे १६, म्हणजे ७. ७४०० चे ११, म्हणजे २. ५९०० चे १४, म्हणजे ५. हे पाच उरलेले आकडे मिळवले तर २०, म्हणजे २. आता खालची बेरीज: ३, ६ आणि २ मिळून ११, म्हणजे २. दोन्हीकडे दोन. ताळा जुळला. आम्ही पेन्सिलीने खूण केली आणि "सही है चाचा" असे सांगून निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा पुन्हा दारात. पेटीत ३२६०० रुपये, वहीत ३६२००. तीन हजार सहाशे रुपये कुठे गेले? त्यांनी रात्रभर स्वतःच्या मुलावर संशय घेतला होता, मुलगा रागावून न जेवता झोपला होता. आम्ही ओशाळून पाचही आकडे पुन्हा मिळवले. खरी बेरीज ३२६०० च होती. चाचांनी कच्च्या कागदावर ती बरोबर केली होती. पक्क्या वहीत उतरवताना दोन आणि सहा यांची अदलाबदल झाली होती. पैसे पुरे होते. मुलाचा दोष नव्हता. दोष आमच्या पेन्सिलीच्या खुणेचा होता.

ताळा चुकीचा होता का? नाही. आम्ही त्याला असा प्रश्न विचारला होता की ज्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. का नव्हते ते समजण्यासाठी नवाचा ताळा मुळात काय करतो ते पाहावे लागेल.

दहा शेळ्या घ्या आणि नवांचा एक कळप बाजूला करा. एक उरते. शंभर घ्या, नऊनऊचे कळप करा. पुन्हा एकच उरते, कारण नव्व्याण्णव हे अकरा कळप झाले. हजारातूनही एकच उरते, दहा हजारांतूनही एकच. म्हणून ६३५० मध्ये सहा हजारांतून सहा उरतात, तीनशेतून तीन आणि पन्नासातून पाच. सगळे मिळून चौदा. त्यातला आणखी एक कळप काढला की पाच. अंकांची बेरीज म्हणजे दुसरे काही नसून नवाने भागल्यावर उरणारी बाकी आहे. बेरजेत बाक्यांची बेरीज होते, गुणाकारात बाक्यांचा गुणाकार होतो, म्हणून उत्तर बरोबर असेल तर त्याची बाकीही तीच यायला हवी.

पण याच वाक्यात मेख आहे. हजाराच्या घरातला सहा आणि शंभराच्या घरातला सहा या दोघांतून नवाला सहाच दिसतात. नवाच्या तराजूला अंक दिसतो, त्याचे घर दिसत नाही. ३२६०० आणि ३६२०० हे त्याच्या दृष्टीने एकच. ज्या युक्तीमुळे ताळा इतका सोपा झाला, तिच्यामुळेच तो आंधळाही झाला.

आता प्रश्न असा की अंकाच्या घराकडे न पाहणारी ही कसोटी जगभर इतकी पसरली कशी? आमच्या मते याचे उत्तर धुळीत आहे.

आपल्याकडच्या जुन्या शाळांत मुले धूळपाटीवर लिहीत. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षरे, आकडे काढायचे. धुळाक्षरे हा शब्द अजून आहे, पाटी मात्र गेली. जुन्या भारतीय गणितात पाटीगणित असे नाव आहे तेही या पाटीवरून. अरब देशांत हिंदी आकडे गेले ते या पाटीसकट. तिथे तिला तख़्त म्हणत आणि हिशेबाला हिसाबुल हिंद. पाटीवर जागा थोडी असते, म्हणून गुणाकार करताना जुने अंक बोटाने पुसून त्यांच्या जागी नवे मांडत. गुणक एकेक घर सरकवत न्यायचा, गुण्याचा एकेक अंक पुसत जायचा. काम संपले की पाटीवर फक्त उत्तर उरे. अधल्यामधल्या पायऱ्या तर नाहीतच, पण ज्या संख्येला गुणले तीही बऱ्याचदा शिल्लक नसे. कागदावर केलेला गुणाकार आपण पुन्हा वरून खाली वाचू शकतो. धुळीवरचा कसा वाचणार?

म्हणून अशी कसोटी हवी होती की जिला फक्त सुरुवात आणि शेवट पुरेल. काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही संख्यांची मीज़ान काढून बाजूला लिहायची, आणि शेवटी उत्तराच्या मीज़ानशी ताडून पाहायची. अंकांची बेरीज कुणालाही तोंडी येते. धुळीच्या पाटीला नवाचा ताळा शोभतो तो यासाठी.

ही रीत भारतात लिखित स्वरूपात दिसते ती दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्त' या ग्रंथात, साधारण इसवी सन ९५० च्या सुमारास. त्याने गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ अशा क्रियांसाठी ती दिली. त्याच काळात, ९५२-५३ मध्ये, दमास्कसमध्ये अबुल हसन अल-उक़्लीदिसी याने हिंदी हिशेबावर एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यातही नवाची कसोटी आहे. या माणसाबद्दल आम्हांला विशेष आपुलकी वाटते. त्याने धुळीची पाटी सोडून कागद आणि शाई वापरावी असे सुचवले, आणि एक कारण असे दिले की रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोकही तीच पाटी वापरतात, त्यामुळे सभ्य माणसाला ती हातात घेणे बरे दिसत नाही! बाजारात पोपटवाल्याशेजारी बसून हिशेब करावा लागला तर आम्हांलाही तसेच वाटेल. पुढे कुश्यार इब्न लब्बान आणि इब्न सीना यांच्या लेखनात ही कसोटी येते, आणि इब्न सीना तिला हिंदी रीत म्हणतो. नवाने बाकी काढण्याची कल्पना याहून जुनी आहे हे खरे. तिसऱ्या शतकात रोममधल्या हिप्पोलिटसने नावाच्या अक्षरांचे आकडे करून, नऊ वजा करून भविष्य सांगणाऱ्यांवर टीका केली आहे. आपल्याकडे अबजदच्या आकड्यांवरून असे खेळ करणारे अजून सापडतात. पण बेरीज-गुणाकार तपासायला ती वापरणे ही वेगळी गोष्ट, आणि तीच पुढे टिकली.

१२०२ साली पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला आज फिबोनाची म्हणतात, 'लिबेर अबाची' लिहिले. त्याचे बालपणीचे शिक्षण आजच्या अल्जीरियातील बुजाया बंदरात झाले होते. त्याच्या ग्रंथातून हा ताळा युरोपच्या व्यापाऱ्यांपर्यंत गेला. तेवढा उल्लेख पुरे. आमचे मन आहे ते दक्षिणेत.

सोळाव्या शतकात लेबनॉनमधल्या बअलबक इथे जन्मलेले आणि इराणात इस्फ़हानला नाव कमावलेले बहाउद्दीन आमिली यांनी 'खुलासतुल हिसाब' नावाची छोटी अरबी किताब लिहिली. हिंदुस्थानच्या मदरशांत दर्से निज़ामीच्या अभ्यासक्रमात ती शतकानुशतके शिकवली गेली. १८१२ साली ती कलकत्त्यात छापलीही गेली. तिच्यात बेरजेच्या प्रकरणातच मीज़ान येते. संख्येतून नऊनऊ काढून जे उरते ती तिची मीज़ान, अशी साधी व्याख्या आहे. त्यानंतर सांगितले आहे ते असे की उत्तराची मीज़ान वेगळी आली तर काम चुकले आहे. आम्ही हा मजकूर दोन-तीनदा वाचला. मीज़ान जुळली तर काम बरोबर आहे, असे तिथे सांगितलेले नाही. फक्त एकाच बाजूची हमी आहे. त्या रात्री चाचांच्या वहीवर खूण करताना आम्ही जी दुसरी बाजू गृहीत धरली, ती किताबात मुळी नव्हतीच. मदरशात हा धडा शिकलेल्या किती जणांच्या हे ध्यानात राहिले असेल कोण जाणे. बी.एड. करूनही आमच्या राहिले नव्हते.

या किताबाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो आणि तो आम्हांला फार प्रिय आहे. ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांची मुले गणितातही पारंगत होती. त्यांच्यापैकी लुत्फ़ुल्लाह मुहंदिस याने 'खुलासतुल हिसाब'चा फारसीत सार आणला, म्हणजे ज्यांना अरबी जड जाते अशा कारकुना-कारागिरांसाठी मीज़ानची वाट सोपी केली. दुसरा भाऊ अताउल्लाह याने भास्कराचार्यांच्या बीजगणिताचा फारसी अनुवाद केला, १६३४-३५ च्या सुमारास. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा फारसी अनुवाद त्याआधी, १५८७ मध्ये, फ़ैज़ीने केला होता. भास्कराचार्य सह्याद्रीच्या परिसरातले, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. हा अताउल्लाह तोच, ज्याचे नाव औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मक़बऱ्याच्या दारावर हंसपत रायच्या नावाबरोबर कोरलेले आहे. साल १६६०-६१. शाळेची सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी मुलांना घुमटाबरोबर तो दरवाजाही दाखवावा. इमारत बांधताना विटा, चुना, मजुरी यांचे गुणाकार रोज करावे लागतात, आणि तिथे एक घर चुकले तर रक्कम दहापट होते.

आणि हेच नवाला दिसत नाही! आता गुणाकाराचे एक उदाहरण घेऊ, कारण धुळीच्या पाटीवरची सर्वांत स्वाभाविक चूक तिथेच होते. ४७२ ला ३५ ने गुणायचे आहे. पाच चोक वगैरे करून पहिली ओळ येते २३६०. तिनाची ओळ १४१६, आणि ती एक घर डावीकडे सरकवून मांडायची, म्हणजे १४१६०. बेरीज १६५२०. ताळा पाहू: ४७२ चे १३, म्हणजे ४. ३५ चे ८. चार आठ बत्तीस, म्हणजे ५. उत्तराचे अंक १, ६, ५, २, मिळून १४, म्हणजे ५. जुळले.

आता समजा मुलाने दुसरी ओळ सरकवलीच नाही. २३६० आणि १४१६ सरळ एकाखाली एक मांडले. उत्तर ३७७६. सोळा हजारांच्या जागी पावणेचार हजार, म्हणजे अगदी ढोबळ चूक. तिचा ताळा: ३, ७, ७, ६ मिळून २३, म्हणजे ५. तरीही जुळले! दहाने गुणल्याने बाकी बदलत नाही, म्हणून ओळ सरकली काय आणि न सरकली काय, नवाला सारखेच. आमच्या वर्गात दरवर्षी सहावीत दोन-चार मुले ही चूक करतात, आणि ज्यांना कुणी घरी ताळा शिकवला आहे ती मुले ठामपणे सांगतात की उत्तर बरोबर आहे. गुणक धुळीत एकेक घर सरकवताना बोट थोडे मागे-पुढे झाले की हीच चूक व्हायची. म्हणजे ज्या पाटीसाठी हा ताळा जन्माला आला, तिच्या सगळ्यात मोठ्या धोक्यापुढेच तो गप्प.

शून्याचेही तसेच. ८२०० च्या जागी ८२० लिहिले तर नवाला कळत नाही. उर्दू आकड्यांत शून्य म्हणजे नुसता एक ठिपका असतो. पेन घसरला, कागदावर डाग पडला, तर ठिपका कमी-जास्त होतो, आणि आमच्या मुलांच्या वह्यांत होतोच. नऊ आणि शून्य यांची अदलाबदलही निसटते. ७९०० च्या जागी ७००० लिहिले तर दोन्हीची बाकी सातच. त्याहून घातक म्हणजे एखादी नोंदच राहून जाणे. साडेचार हजाराला विकलेली शेळी वहीत लिहायची विसरली तर? ४५०० चे अंक मिळून नऊ, म्हणजे शून्य. ती धरली किंवा सोडली, बेरजेच्या बाकीत काही फरक पडत नाही. काष्टीच्या बाजारात साडेचार हजार, त्रेसष्टशे, बहात्तरशे असे भाव काही दुर्मीळ नाहीत. आणि सौदा मुळातच चुकीचा लिहिला असेल, आठ हजारांची शेळी सहा हजारांना लावली असेल, तर जगातला कोणताच ताळा ते सांगू शकत नाही. ताळा वहीतल्या आकड्यांची एकमेकांशी गाठ पाहतो, बाजारातल्या शेळीशी नाही.

काही जण म्हणतील की या सगळ्या अपवादात्मक चुका आहेत. हिशेबाने पाहिले तर चूक अगदी आंधळेपणाने, कशीही होत असेल तर नवाचा ताळा नवांपैकी आठ चुका पकडतो आणि एकच निसटते. हे काही वाईट नाही. पण माणसाच्या चुका अशा आंधळ्या नसतात. आमच्या भाषा बघा. मराठीत आपण म्हणतो सदुसष्ट: आधी सात, मग साठ. उर्दूत सड़सठ, तेही तसेच. अरबीतही दहापुढच्या संख्येत एकक आधी आणि दशक नंतर. कान आधी सात ऐकतो, हात आधी सात लिहितो, आणि ६७ चे ७६ होतात. श्रुतलेखनात आम्ही संख्या सांगतो तेव्हा ही चूक दर आठवड्याला दिसते. त्यातून आमची मुले उर्दू उजवीकडून लिहितात आणि आकडे डावीकडून. ओळीच्या मध्ये दिशा बदलावी लागते. म्हणजे ज्या लोकांनी हा ताळा वापरला, त्यांच्या जिभेला जी चूक सर्वांत सोपी होती, तीच ताळ्याला अदृश्य होती. हे आमच्या लक्षात आल्यावर आम्ही बराच वेळ फळ्याकडे पाहत बसलो होतो.

मग उपाय? जुन्या गणितींनी तोही पाहून ठेवला होता. नारायण पंडिताने १३५६ मध्ये 'गणितकौमुदी'त सांगितले की बाकी नवानेच काढायला हवी असे नाही, मनाला येईल त्या संख्येने काढा. लिओनार्दो सात आणि अकराचेही ताळे करतो. आम्हांला त्यातला अकराचा सर्वांत उपयोगी वाटला, कारण तोही तोंडी येतो. उजवीकडून सुरुवात करायची आणि अंक एकाआड एक मिळवत व वजा करत जायचे. दहातून अकरा काढायला एक कमी पडतो, शंभरातून नऊ अकरे काढले की एक उरतो, हजाराला पुन्हा एक कमी पडतो. म्हणून अकराला घर कळते, निदान सम की विषम एवढे तरी कळते.

चाचांचा हिशेब अकराने पाहू. ६३५० साठी: शून्य, वजा पाच, अधिक तीन, वजा सहा; झाले वजा आठ, त्यात अकरा मिळवले की ३. तसेच ८२०० चे ५, ४७५० चे ९, ७४०० चे ८ आणि ५९०० चे ४. एकूण २९, त्यातून बावीस गेले, उरले ७. खरी बेरीज ३२६०० घेतली तर सहा वजा दोन अधिक तीन, बरोबर ७. पण वहीतले ३६२०० घेतले तर दोन वजा सहा अधिक तीन, म्हणजे वजा एक, म्हणजे १०. सात आणि दहा. चूक लगेच उघडी पडते. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकराच्या हातून कधीच सुटत नाही. न सरकवलेला गुणाकारही सापडतो: ४७२ चे १० आणि ३५ चे २, गुणाकार वीस, म्हणजे ९, १६५२० चीही बाकी ९ येते, पण ३७७६ ची मात्र ३.

अकराही सर्वज्ञ नाही. एक घर सोडून पलीकडचा अंक बदलला, ३२६०० चे ६२३०० झाले, तर अकराला ते कळत नाही आणि नवालाही नाही. तिथे साताचा ताळा बहुधा कामी येतो, पण सातासाठी अंकांची सोपी बेरीज पुरत नाही, सरळ भागाकार करावा लागतो, आणि त्यापेक्षा बेरीज दुसऱ्यांदा खालून वर केलेली बरी. आमचे मत स्पष्टच सांगतो: वर्गात नवाचा ताळा शिकवावा, पण अकराच्या जोडीनेच. दोन्ही जुळले तर आंधळी चूक निसटण्याची शक्यता नव्व्याण्णवात एक एवढीच राहते, आणि आमच्या जिभेची जी खास चूक आहे ती तर पुरती अडते.

नवाच्या आंधळेपणाचा एक उलटा फायदाही आहे, आणि जुने मुनीम तो जाणतात. वही आणि पेटी यांत फरक आला की प्रथम त्या फरकाला नवाने भागून पाहायचे. चाचांचा फरक ३६००. नवाने भागला, ४०० आले, बाकी उरली नाही. म्हणजे पैसे गेले असण्याऐवजी अंकांची अदलाबदल असण्याचा संशय आधी घ्यायचा. एवढेच नव्हे, ४०० मधला चार सांगतो की अदलाबदल झालेल्या दोन अंकांत चाराचे अंतर आहे, आणि पुढची दोन शून्ये सांगतात की ते शतक आणि हजार यांच्या घरात आहेत. ३६२०० मध्ये त्या घरांत पाहिले तर दोन आणि सहा. अंतर चार. एका मिनिटात चूक सापडली असती. फरक ७३८० आला असता तर? तोही नवाने निःशेष भाग जाणारा: ८२०. म्हणजे कुठेतरी ८२०० चे ८२० झाले असावेत, ठिपका गळाला असावा. अर्थात साडेचार हजारांचा फरकही नवाने भागला जातो, आणि तो लिहायची राहिलेली शेळीही असू शकते. म्हणून या युक्तीने फक्त आधी कुठे पाहायचे ते कळते. चोरी झाली नाही असे प्रमाणपत्र मिळत नाही.

त्या रविवारी सकाळी ही युक्ती आम्हांला आठवली नाही. पाचही आकडे पुन्हा मिळवायला आम्ही घामाघूम झालो, आणि चाचांचा मुलगा दाराशी उभा राहून आमच्याकडे पाहत होता. तो आमच्याच शाळेतून सातवी झालेला. पुढच्या शनिवारी चाचांनी वही त्याच्या हातात दिली. आता तो प्रत्येक पानाच्या खाली, कोपऱ्यात, पेन्सिलीने दोन छोटे अंक लिहितो. पहिला नवाचा, दुसरा अकराचा. आणि बेरीज पक्क्या वहीत उतरवली की बापाला मोठ्याने वाचून दाखवतो, एकेक अंक सुटा करून: तीन, दोन, सहा, शून्य, शून्य.